नाव पुसलेल्या बिया

बी ही मोठी अबोल वस्तू आहे. पान चुरगाळले तर वास देते, फूल दुरून रंग दाखविते, फळ चाखून पाहता येते. पण बी तळहातावर घेतली तरी आपण कोण, कुठली, याचा थांग लागू देत नाही. तिचे सारे बोलणे पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवलेले असते. म्हणूनच आपल्या घरांतून बियांची ओळख बियांपाशी नसते. ती असते पुडीवर पेन्सिलीने लिहिलेल्या दोन अक्षरांत, नाहीतर घरातल्या एखाद्या म्हातारीच्या बोटांत. पुडी भिजली आणि म्हातारी गेली की बिया तेवढ्या मागे राहतात.

महाडात हे एका घरी अगदी असेच घडले. २२ जुलै २०२१ चा पूर महाडकर कधी विसरणार नाहीत. सावित्री आणि गांधारी यांचे पाणी रातोरात गावात शिरले आणि बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून माणसे गेली. त्या दुःखापुढे एका पत्र्याच्या डब्याची कथा ती काय! पण माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी असा एक डबा होता खरा. तिच्या आजेसासूबाई पोलादपूरकडच्या, डोंगरातल्या वाडीवरच्या. त्यांनी माहेरच्या रानातून आणलेल्या बिया वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून त्या डब्यात ठेवलेल्या होत्या, आणि नातवाकडून प्रत्येक पुडीवर नाव घालून घेतले होते. पूर ओसरल्यावर डबा उघडला तेव्हा कागदाचा लगदा झाला होता. वाल, चवळी, काकडीच्या बिया फुगून कुजल्या होत्या. काही बिया मात्र धुऊन पुसून ठेवाव्यात तशा कोरड्या आणि टणक राहिल्या होत्या. आजींनी त्या वेचून एका बरणीत भरल्या. "मला हाताला कळतात," एवढेच त्या म्हणाल्या. पुढे त्याही गेल्या.

२०२५ च्या वैशाखात ती बरणी पुन्हा हाती लागली आणि मला मोबाइलवर एक फोटो आला. तळहातावर मूठभर बिया, आणि खाली एक ओळ : "सर, आजींच्या बिया. नावे सांगाल का? घरात दीड वर्षाचा मुलगा आहे, म्हणून आधी विचारते. आणि यांतली एखादी रुजली तर हवी आहे."

दोन प्रश्न, आणि दोन्ही अगदी रास्त. मराठी शिकविणाऱ्या माणसाला बियांचा हा नाद कशासाठी, असे कोणी विचारील. झाडांची मराठी नावे गोळा करता करता मी झाडांपर्यंत पोहोचलो, आणि झाडांवरून बियांपर्यंत. एवढेच त्याचे उत्तर. पण त्या फोटोवरून मला काहीच सांगता येईना. हात थरथरलेला, फ्लॅशचा लखलखाट, आणि तळहात केवढा हे मला ठाऊक नाही. तेव्हा आधी फोटोच नीट मागविला.

बीचा फोटो काढायचा तर तो लग्नासाठी मुलीचा काढतात तसा एकच चालत नाही, तीन लागतात. एक रुंद बाजूचा, एक कडेचा, आणि एक तिच्या नाभीचा. बी शेंगेत किंवा फळात असताना ज्या देठाने जोडलेली असते, तो सुटला की तिथे खूण राहते. माणसाला बेंबी असते तशीच ही. वनस्पतिशास्त्रात तिला नाभी म्हणतात. आपल्या बायका वालाला आणि चवळीला 'डोळा' असतो असे म्हणतात, तो हाच. फोटो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात काढावा. फ्लॅश मुळीच नको, कारण बीचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे, मखमली आहे की खवल्याखवल्यांचा आहे, हेच तर पाहायचे असते, आणि फ्लॅशमध्ये सारे एकसारखे चकाकते. बिया पांढऱ्या कागदावर ठेवून शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवावी. ही पट्टीही कागदावर सपाट न ठेवता खाली खोडरबर घालून बीच्या मध्याइतकी उंच करावी. कॅमेरा वीस सेंटीमीटरवर असेल आणि बीचा रुंद भाग कागदापासून एक सेंटीमीटर वर असेल, तर तेवढ्यानेच बी पाच टक्क्यांनी मोठी दिसते. आणि एकाच बीवर विसंबू नये. पाच-सात असतील तर साऱ्या एका ओळीत मांडाव्यात. कुटुंबाचा चेहरा एका माणसावरून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी नवे फोटो आले. त्यांत चार जातींच्या बिया होत्या. तिघींनी आपली नावे फारसे आढेवेढे न घेता सांगितली.

पहिल्या सात बिया गोट्यांएवढ्या होत्या. सुमारे दोन सेंटीमीटर, जवळजवळ गोल, शिशाच्या रंगाच्या. पृष्ठभाग गुळगुळीत, पण त्यावर चिनी मातीच्या जुन्या बरणीला पडतात तशा केसासारख्या बारीक आडव्या रेषा. हा सागरगोटा, म्हणजेच गजगा. ज्यांच्या आया आणि आज्या ओसरीवर सागरगोटे खेळल्या त्यांना याची ओळख सांगायला नको. काटेरी वेलीच्या काटेरी शेंगेत ही एक-दोन बसलेली असतात.

दुसऱ्या बिया लहान, सहा-सात मिलिमीटरच्या, लाल, आणि एका टोकाला काळा ठिपका. गुंज! आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा, हा हिशेब आपल्या सोनारांनी पिढ्यान् पिढ्या केला. तोळा साडेअकरा ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. म्हणून एक गुंज ग्रॅमचा आठवा हिस्सा, किंचित कमीच. फोटोत गुंजेशी गल्लत होऊ शकते ती रतनगुंजेची. ती संपूर्ण लाल, चपटी आणि आकाराने मोठी असते, आणि तिला काळा ठिपका नसतो. इथे ठिपका होता, आणि बीची नाभी त्या काळ्या भागातच होती. संशयाला जागा उरली नाही.

तिसऱ्या तीन बिया कोटाच्या बटणासारख्या होत्या. सुमारे दोन सेंटीमीटर रुंद, अर्धा सेंटीमीटर जाड, राखी. एका बाजूने किंचित खोलगट, मध्ये बारीकसा उंचवटा. मोठी खूण मात्र पृष्ठभागाची. खिडकीच्या उजेडात त्यांच्यावर रेशमी झाक दिसत होती, आणि फोटो मोठा करून पाहिला तर मध्यापासून कडेकडे विंचरून बसविल्यासारखे तलम केस दिसत होते. पहिल्या, फ्लॅशच्या फोटोत हेच खडे वाटले होते. हा काजरा, वैद्यांचा कुचला. कोकणच्या रानात नारिंगासारखी दिसणारी त्याची फळे पुष्कळांनी पाहिलेली असतील.

एवढे कळल्यावर मी बियांचे पुढचे काही न पाहता आधी तिला फोन केला. "गुंजा आणि ती बटणे आधी मुलाच्या हाताबाहेर ठेव. दोन्ही विषारी आहेत." काजऱ्यात स्ट्रिक्नीन असते, त्याने स्नायूंना झटके येतात. गुंजेचे विष त्याहून जहाल, पण ते टरफलाच्या आत असते. अखंड गिळलेली गुंज बहुधा तशीच बाहेर पडते. चावलेली, फुटलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज मात्र जिवावर बेतू शकते. मुलाने तोंडात घातल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. याच कारणासाठी मी एक नियम पाळतो. फोटोवरून ओळखलेली बी पेरायला चालेल, पण खायला किंवा औषधाला कधीही नाही.

राहिल्या चौथ्या जातीच्या दोनच बिया, आणि खरा प्रश्न त्यांचाच होता. तपकिरी, चपट्या, कडेला गोलाई असलेल्या चकत्या. एक एकतीस मिलिमीटर, दुसरी एकोणतीस. जाडी दीड सेंटीमीटरच्या आत. घरातल्या एका पाहुण्यांनी "ही तर गारंबी!" असा निकाल देऊनही टाकला होता. आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटावे असे नव्हते. महाबळेश्वरच्या डोंगरातून सावित्री पोलादपुराकडे उतरते त्या खोऱ्यांतल्या दाट रानात गारंबीचे अजस्र वेल असतात. त्यांच्या शेंगा पुरुषभर लांबीपर्यंत जातात, आणि आतल्या बिया तपकिरी, चपट्या, चकतीसारख्याच असतात.

पण गारंबीची बी चार-पाच सेंटीमीटरची असते. ही तीनाची. नुसत्या मापावर मात्र निकाल देता येत नाही. शेंगेच्या टोकाची बी लहान राहते, जसा पंगतीच्या शेवटच्या पानावर लाडू लहान येतो. म्हणून मी तिसरा फोटो पाहिला, कडेचा. तिथे सारा उलगडा होता. बीच्या कडेभोवती काळी पट्टी होती. चाकाला धाव बसवावी तशी ती जवळजवळ तीन चतुर्थांश परिघ वेढून पुढे थांबली होती. ती पट्टी म्हणजे नाभी. गारंबीची नाभी कडेवरची एवढीशी खूण असते, शोधावी लागते. परिघभर पसरलेली काळी नाभी हे कुहिलीच्या मोठ्या वेलींचे लक्षण. आपल्या घाटातली त्यांतली ओळखीची म्हणजे मोठी कुहिली. तिला सोनगारवी असेही म्हणतात. तिच्या शेंगेत बहुधा एकच बी असते, आणि शेंगेवर खाज सुटणारी तपकिरी लव असते. शेतात उगवणारी खाजकुहिली ही तिची धाकटी बहीण; तिची बी वालाएवढी आणि नाभी आखूड.

अशा चकत्यांनी शहाण्या माणसांना पूर्वीही कोड्यात टाकले आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्यावर चार तऱ्हांच्या अनोळखी बिया लाटांबरोबर येत. तिथे तशी झाडेच नाहीत. सर हॅन्स स्लोन यांनी १६९६ साली त्यांवर टिपण लिहिले. ते जमैकात राहून आले होते आणि तिथल्या वनस्पती त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, म्हणून चारपैकी तीन त्यांना ओळखता आल्या. एक गारंबीची बहीण, दुसरी कुहिलीची, आणि तिसरी चक्क राखी सागरगोटा! अटलांटिक ओलांडून आलेली तीच मंडळी इथे महाडच्या डब्यात शेजारी शेजारी बसली होती. सागरगोट्याच्या नावात सागर आहे, तो उगाच नव्हे.

आणि इथेच तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. जी बी महिनोन् महिने समुद्रात तरंगून भिजत नाही, ती महाडच्या पुरात कशी भिजणार? या बियांच्या टरफलात उभ्या कांड्यांसारख्या पेशींचा एक घट्ट थर असतो. त्यातून पाणी आत जातच नाही. पाणी नाही म्हणून जाग नाही, आणि जाग नाही म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते. चीनमध्ये एका जुन्या तळ्याच्या गाळात सापडलेली, सुमारे १३०० वर्षांपूर्वीची कमळाची बी विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजविण्यात आली. तिचेही टरफल असेच अभेद्य, आणि तिलाही आधी ते कानसावे लागले होते.

सागरगोट्यांच्या ओळीतच याचा पुरावा होता. सातांपैकी एकाला एका बाजूने चपटा, फिकट डाग होता, आणि तोच नेमका चिरलेला आणि पोकळ निघाला. मी तिला विचारले, तेव्हा तिचे यजमान हसून म्हणाले, "लहानपणी आम्ही तो फरशीवर घासून एकमेकांना चटके द्यायचो!" घासून टरफल झिजले तिथून पुराचे पाणी आत गेले. तो सागरगोटा फुगला, आणि बंद डब्यात कुजला. बाकी सहा जणांना पाणी शिवलेही नाही. मुलांच्या खोडीत रुजविण्याचा सारा मंत्र होता.

मंत्र असा. गुळगुळीत, टणक, काचेसारखी वाजणारी बी असेल तर तिला नुसते मातीत टाकून उपयोग नाही. आधी टरफलाला दार पाडावे लागते. पण हा इलाज सरसकट सर्वांना नव्हे. फणसाची आठळी, जांभूळ, कोकम यांच्या बियांवर पातळ, मऊ साल असते. त्या फळातून ओल्याच बाहेर येतात आणि वाळल्या की मरतात. मुठेलासाठी वाळवलेली कोकमाची बी कानसून काय, काही करून रुजायची नाही. तिला फळ खाल्ल्यावर काही दिवसांतच मातीत घालायला हवे. म्हणजे ज्या पृष्ठभागावरून बीचे नाव कळते, त्याच पृष्ठभागावरून तिला कसे उठवायचे हेही कळते. सुरकुतलेली पातळ साल म्हणते, 'आज'. चकचकीत कवच म्हणते, 'वाट पाहा'.

कोणती बी कोणत्या वाटेची, याची साधी परीक्षा रात्रभर पाण्यात ठेवून होते. सकाळी फुगलेली असेल तर दार उघडेच आहे. जशीच्या तशी असेल तर कवच बंद. मात्र आपल्याकडे 'तरंगेल ती पोकळ, बुडेल ती पेरा' असा जो ठोकताळा आहे, तो इथे लावू नये. या मंडळींच्या पोटात हवेची पोकळी असते. त्यांचा तरंगणे हाच धर्म आहे.

गुंजा आणि काजरा यांना हात लावायचा नाही, हे आम्ही ठरवूनच टाकले. गुंज कानसायची म्हणजे जे विष कवचाने आत कोंडले आहे त्याची भुकटी करून हवेत उडवायची. सागरगोट्याचा वेल काटेरी. तो पावसात वाडीच्या कुंपणाला लावता येईल. उरल्या दोन चकत्या. दोनच असल्यामुळे एक चिरून आत पाहण्याचीही सोय नव्हती.

तिने हार्डवेअरच्या दुकानातून त्रिकोणी कानस आणली. कुठे कानसायचे हा मुख्य प्रश्न. मोड नाभीच्या टोकापाशी येतो. तिथे कानस चालली तर कोंबच कापला जाईल. एरवी नाभीच्या समोरची बाजू सांगून भागते, पण इथे नाभीने तीन बाजू अडविलेल्या. म्हणून चकतीच्या चपट्या तोंडावर, मध्य आणि कड यांच्या दरम्यान, एक तांदळाएवढी जागा निवडली. तिथे हळूहळू घासायचे. आधी तपकिरी भुकटी पडते, मग काळसर थर लागतो, आणि मग पिवळट पांढरा रंग डोकावतो. तो दिसला की त्याच क्षणी थांबायचे. पांढरा भाग म्हणजे बीचे दळ, रोपाची शिदोरी. ती खरवडायची नाही.

मग सोनाराकडे दोन्हींचे वजन केले. मोठी सहा ग्रॅम भरली. जुन्या हिशेबाने गुंजा पन्नास. कोमट पाण्यात चोवीस तास ठेवल्यावर तीच अकरा ग्रॅम झाली. धाकटी तशीच राहिली, तेव्हा तिची खाच थोडी खोल करून पुन्हा ठेवली. दुसऱ्या दिवशी तीही फुगली. घरात आनंदीआनंद झाला. मी मात्र तिला सांगितले की फुगली म्हणजे जगली असे नव्हे. मेलेली बीही पाणी पिते. पाणी पिणे हा टरफलाचा आणि दळाचा गुण आहे, जिवंतपणाचा पुरावा नव्हे. खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात होते.

नर्सरीत मिळतात त्या काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या, वीतभर उंचीच्या, तळाशी भोके असलेल्या. चाळलेली माती, नदीची वाळू आणि कुजलेले शेणखत सारख्या भागाने. बी कडेवर उभी करून, वर बोटाच्या एका पेराएवढी माती येईल इतपत पुरली. पाणी एकदा मनसोक्त, आणि पुढे माती वरून सुकू लागेल तेव्हाच. महाडचा उन्हाळा या कामाला उत्तम, ऊब लागतेच. पण पिशवी उन्हात न ठेवता पडवीत ठेवायची. पावसाळ्यात हेच केले तर ऊब कमी आणि ओल जास्त, आणि बी रुजण्याआधी बुरशी रुजते.

सहाव्या दिवशी तिचा निरोप आला : धाकटीच्या पिशवीला वास येतो. माती अलगद दूर करून बी दाबून पाहायला सांगितली. जिवंत बी फुगूनही टणक राहते, ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी. मेलेली बोटाखाली दबते आणि तिच्यातून दुधाळ पाणी सुटते. धाकटी दबली. तिला फेकून दिले आणि पिशवीची मातीही टाकली, कारण तीच बुरशी थोरलीकडे जायची.

थोरलीच्या पिशवीत बाराव्या दिवशी मातीला तडा गेला. वाल, चवळी यांची दळे माना वर काढून डोलत बाहेर येतात. इथे तसे काही आले नाही. मोठ्या कुहिलीची आणि गारंबीची दळे जमिनीतच राहतात, आणि नुसता जाडसर, गडद कोंब वर येतो. त्याला पाने नाहीत, बारीक खवलेच. आठवडाभरात तो फूटभर झाला तरी निष्पर्णच! "सर, पाने येणारच नाहीत का?" तिचा रोज फोन. पण रानातल्या वेलीला आधी आधार शोधायचा असतो, ऊन मागाहून. मोठ्या झाडांच्या सावलीत जन्मलेल्याने पाने पसरून काय करायचे? तिने काठी रोवून दिली. कोंब तिला वेढा घालू लागला.

मी मात्र त्या पहिल्या पानाची तिच्याहून जास्त वाट पाहत होतो. फोटोवरून बीचे नाव सांगणे म्हणजे अखेर तर्क. आकार, माप, पृष्ठभाग, नाभी यांनी घराणे बहुधा पक्के कळते. जात कळते ती कधीकधी. निकाल पान देते. गारंबी असेल तर पान पिसासारखे, अनेक लहान पर्णिकांचे येईल आणि पुढे त्याच्या टोकाला धागे फुटतील. कुहिली असेल तर पळसासारखी, वालासारखी तीनच पाने एका देठावर येतील. आणि त्याहीपुढे, ही मोठी कुहिलीच की तिची एखादी नातेवाईक, हे शेंग आणि फूल पाहूनच सांगता येईल. मुंबईच्या झेवियर कॉलेजातल्या ब्लॅटर संग्रहालयात किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या कार्यालयात वाळवलेल्या नमुन्यांचे साठे आहेत, त्या कागदांवरही डहाळी फुलांसकट चिकटवलेली असते ती यासाठीच.

मृगाच्या सरी सुरू झाल्या आणि फोटो आला. एका देठावर तीन पाने.

तो फोटो घेऊन ती पोलादपूरकडे आजींच्या माहेरी गेली. तिथल्या एका वृद्ध आबांना तिने आधी बीचा फोटो दाखविला होता, तेव्हा त्यांनी मान हलविली होती. रोप पाहताच ते म्हणाले, "ही होय! कुहिली ही, मोठी. शेंगेला हात लावू नका पोरी, दिवसभर खाजवत बसाल." मग तिला विचारले, "अंगणात लावतेस की काय?"

अंगणात लावायची नाहीच, हे आधीच ठरले होते. हा वेल वर्षागणिक मनगटाएवढा, मग मांडीएवढा होतो आणि आंब्या-फणसावर चढून त्यांचे ऊन खातो. शिवाय शेंगांची ती लव वाऱ्याने उडते, आणि घरात लहान मूल. तेव्हा आबांनीच जागा दाखविली. वाडीच्या वरच्या बाजूला, ओढ्याकाठी, जिथे जुनी रानझाडे उभी आहेत आणि गुरे जात नाहीत. श्रावणात रोप पिशवीतून मातीच्या गोळ्यासकट तिथे गेले. आजींनी ही बी कशासाठी ठेवली होती ते कुणालाच सांगता आले नाही. औषधासाठी, की नुसती हाताला छान लागते म्हणून? पण तिच्या माहेरच्या रानातून आली होती, आणि तिथेच परत गेली.

बरणीतल्या बाकीच्या बियांना आता पुन्हा नावे मिळाली आहेत. कागदाच्या पुड्या मात्र तिने केल्या नाहीत. जुन्या डब्याचा पत्रा कापून त्याच्या लहान पट्ट्या केल्या आणि त्यांवर खिळ्याने कोरले : सागरगोटा, सहा, गुंज, विषारी, काजरा, विषारी, आणि खाली सापडल्याचे गाव, मापाचे आकडे आणि साल. पट्ट्या बियांबरोबर बरणीतच टाकल्या. सावित्री पुन्हा घरात आली तरी ही अक्षरे विरघळायची नाहीत.